अकरा मिनिटांची बडबड आणि वीस ओळींचा परिचय



माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लग्नपत्रिका, अर्ज, बायोडेटा हे रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. बायका मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, भाच्याने लिंक्डइनवर माझं खातं उघडून दिलंय. त्यात About म्हणून एक रिकामी जागा आहे. तिथे काय लिहायचं?" मी म्हणते, "तुम्ही काय काय केलंत ते मला बोलून पाठवा." मग व्हॉइस नोट येते, आठ मिनिटांची, कधी पंधरा मिनिटांची. ती ऐकताना आपण कुठून निघालो आणि कुठे पोचलो ते कळेनासं होतं.

आज अशाच एका व्हॉइस नोटबद्दल सांगणार आहे. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी आहेत, वय पंचेचाळीसच्या पुढेमागे. त्या घरून दुकानांचे हिशोब लिहितात. त्यांची परवानगी घेऊनच हे सांगते आहे; नाव सांगत नाही आणि गावही सांगत नाही. नोट होती अकरा मिनिटं चाळीस सेकंदांची. तिची सुरुवात ऐका, जशी होती तशीच वाचते.

"हां ताई, तर सुरुवात कुठून करू, म्हणजे बघा, सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला ना, तेव्हा मी नोकरी सोडलेलीच होती, म्हणजे लग्नानंतर सोडलीच की, पतसंस्थेतली, पण ते काय, हाताने लिहायचं सगळं, त्याला काय अर्थ नाही आता. मग मुलगा पहिलीत गेला, नाही दुसरीत, तेव्हा ह्यांच्या ओळखीने एका टॅक्सवाल्यांकडे जायला लागले, दुपारचं फक्त. तिथे टॅली शिकले. ते साहेब फार रागीट होते हो, पण शिकवायचे. मग जीएसटी आला, बाई बाई, ती सहा महिने तर झोपच नव्हती. मग लॉकडाउन. मग घरूनच करते. तसं विशेष काही नाही, दहा-बारा वर्षं अकाउंटचं करतेय एवढंच…"

यात खोटं काही नाही आणि फालतूही फारसं नाही. अडचण आहे ती क्रमाची. आपण बोलतो तेव्हा आठवण जशी येते तसं बोलतो. एक आठवण दुसरीला हात धरून आणते. सासऱ्यांच्या आजारपणावरून नोकरी आठवते, नोकरीवरून पतसंस्था, पतसंस्थेवरून ते हाताने लिहिणं. शिवाय बायकांच्या बोलण्यात जे सगळ्यात जड गेलं ते आधी येतं. वहिनींना सासऱ्यांचं आजारपण जड गेलं, म्हणून तेच पहिलं आलं. पण वाचणारा माणूस वेगळाच प्रश्न घेऊन आलेला असतो. त्याला एवढंच बघायचं असतं की या बाईला मी कोणतं काम देऊ शकतो आणि ते तिला जमेल हे कशावरून. त्यामुळे नोट नुसती स्वच्छ अक्षरात उतरवून काढली तर परिचय होत नाही, ती उलगडून पुन्हा बांधावी लागते.

मी पहिल्यांदा नोट ऐकते ती हातात पेन न घेता. एकदा पूर्ण, सलग, आणि साध्या वेगाने. व्हॉट्सॲपवर आवाज दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे, पण पहिल्या वेळी ती वापरू नका. कारण बाई कुठे थांबली, कुठे हसली, कुठे आवाज एकदम भरभर झाला, यावरून बरंच कळतं. वहिनींचा आवाज नवव्या मिनिटाला बदलला. तोवर त्या "तसं विशेष काही नाही" असं चार वेळा म्हणाल्या होत्या. नवव्या मिनिटाला त्या एका हार्डवेअरच्या दुकानाबद्दल बोलायला लागल्या आणि अडखळणं बंद झालं. आकडे तोंडपाठ, तारखा तोंडपाठ. ती जागा मी मनात धरून ठेवली.

दुसऱ्यांदा ऐकताना वही घेते. पानाच्या डाव्या बाजूला उभी रेघ मारायची, रेघेच्या अलीकडे मिनिट लिहायचं आणि पलीकडे त्या वेळी काय सांगितलं ते चार शब्दांत. "१, सासरे आजारी." "२, पतसंस्था, हाताने." "३, टॅली शिकले." असं. मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. तसंही करता येतं. पण मग सगळंच उतरतं, "हां" आणि "बघा" सकट, आणि विरामचिन्हं आपल्यालाच घालत बसावी लागतात. माझा अनुभव असा की वहीतली चार शब्दांची नोंद जास्त उपयोगी पडते, कारण ती करताना नेमकं काय सांगितलं हे आपल्याला ठरवावं लागतं. आणि बाईने एखादी गोष्ट छान शब्दांत सांगितली असेल तर तेवढं वाक्य जसंच्या तसं, अवतरणात लिहून ठेवायचं. वहिनींचं एक वाक्य मी असं उचललं होतं, "आकडा चुकला की मला वासच येतो." ते परिचयात गेलं नाही शेवटी, पण त्याचा उपयोग झाला, पुढे सांगते.

आता वही पुढे ठेवून सालं लावायची. बायका सालं सांगत नाहीत, मुलाची इयत्ता सांगतात. मुलगा दुसरीत, मुलीची दहावी, जावेचं लग्न. त्यात काही वाईट नाही. त्या खुणा पक्क्या असतात, आपण फक्त त्यांची सालं काढायची. वहिनींची अशी निघाली: २००१ साली बी.कॉम. झाल्या आणि त्याच वर्षी एका पतसंस्थेत लागल्या. २००६ साली लग्न, नोकरी सोडली. २०१३ साली कर सल्लागारांच्या कार्यालयात जायला लागल्या, २०२० च्या मार्चपर्यंत. तेव्हापासून घरून स्वतंत्र.

आणि इथे एक गंमत दिसली. वहिनी म्हणाल्या होत्या "दहा-बारा वर्षं". पतसंस्थेची पाच, कार्यालयातली सात आणि नंतरची पाच, मिळून झाली सतरा. पाच वर्षं त्यांनी स्वतःच कापून टाकली होती, कारण ते काम हाताने लिहायचं होतं. ही कापाकापी मी दर दुसऱ्या नोटेत बघते. अंगणवाडीत मानधनावर केलेलं, नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून केलेलं, शिकवण्या घेतलेल्या, हे बायका वर्षांत धरतच नाहीत. उलटही होतं कधीकधी. मधली खंडाची वर्षं धरून एकूण आकडा सांगितला जातो. म्हणून बोलण्यातला आकडा तसाच उचलायचा नाही. सालं मांडायची आणि बेरीज आपण करायची.

एवढं झाल्यावर फोन करायचा. व्हॉइस नोटेत जे राहून गेलेलं असतं ते विचारायला. फार प्रश्न विचारू नयेत, पुन्हा अकरा मिनिटं सुरू होतात. मी वहिनींना तीनच विचारले.

पहिला होता, आज तुमच्याकडे कोणाकोणाचं काम आहे आणि किती. त्या म्हणाल्या, चौदा दुकानं. किराणा, हार्डवेअर, दोन औषधांची. बघा, अकरा मिनिटांत हा आकडा एकदाही आला नव्हता. आपण रोज जे करतो ते सांगायचं सुचतच नाही.

दुसरा, पतसंस्थेत नक्की काय लिहायचात? तर म्हणाल्या, "रोजकीर्द लिहायची, त्यावरून खतावणी, महिनाअखेर तेरीज. पिग्मीचे एजंट संध्याकाळी पैसे आणून द्यायचे, ते जुळवल्याशिवाय घरी जाता यायचं नाही. एकदा पाच रुपयांच्या फरकासाठी रात्री साडेआठपर्यंत बसलोय." मी म्हटलं, वहिनी, याला काय अर्थ नाही असं म्हणत होतात ना तुम्ही? आकडा चुकला की वास येतो तो इथूनच यायला लागला. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "हो, टॅली बेरीज करून देतं, पण नोंद चुकीच्या खात्यात गेली असेल तर ते टॅली कुठे सांगतंय." हे मला हवं होतं. जुनी नोकरी आणि आजचं काम यांच्यातला धागा त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला.

तिसरा प्रश्न नवव्या मिनिटाबद्दल होता. त्या हार्डवेअरच्या दुकानात काय झालं, जरा सावकाश सांगा.

हे तुम्हालाही नीट कळावं म्हणून थोडं मागून सांगते. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतो तेव्हा बिलात जीएसटी भरतो. पुढे गिऱ्हाइकाकडून जमा केलेला कर सरकारला भरताना, हा आधी भरलेला कर त्याला वजा करता येतो. पण त्यासाठी घाऊक व्यापाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात, दुकानदाराचा बरोबर जीएसटी क्रमांक घालून दाखवलेलं असावं लागतं. दाखवलं की ते दर महिन्याच्या १४ तारखेला दुकानदाराच्या GSTR-2B नावाच्या पत्रकात येतं. तिथे नाही आलं, तर बिल हातात असूनही वजावट मिळत नाही. वहिनी दर महिन्याला १४-१५ तारखेला दुकानाची बिलं एका बाजूला आणि हे पत्रक दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक बिल ताडून बघतात. त्या महिन्यात त्या दुकानाची आठ बिलं पत्रकात नव्हती. दुकानदार म्हणाला, व्यापाऱ्याने भरलंच नसेल. वहिनींनी व्यापाऱ्याच्या मुनिमाला फोन लावला. तो म्हणाला, आम्ही भरलंय. दोघंही खरं बोलत होते. मुनिमाने चुकीचा क्रमांक घातला होता आणि बिलं भलत्याच कोणाच्या नावावर चढली होती. वहिनींनी दुरुस्ती करायला लावली, पुढच्या महिन्यात बिलं आली, आणि ६१,४०० रुपयांची वजावट दुकानाला मिळाली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट नवव्या मिनिटाला होती. त्याआधी आठ मिनिटं ऐकून कंटाळलेल्या माणसाने नोट बंद केली असती. सगळ्यात चांगली गोष्ट शेवटाकडेच येते असं नाही, पण पहिल्या मिनिटात ती मी कधी ऐकलेली नाही. बोलणाऱ्याला धीर यायला वेळ लागतो.

आता काय गाळायचं ते. सासऱ्यांचं आजारपण गाळलं. ते खासगी आहे, आणि About ही जागा चारचौघांत उघडी असते. रागीट साहेब गाळले. दुकानांची नावं गाळली. ज्याचे हिशोब आपण बघतो त्याचं नाव त्याला न विचारता लिहिणं म्हणजे त्याचा गल्ला उघडा करण्यासारखंच. पण मधली सात वर्षं गाळली नाहीत. २००६ नंतर एकदम २०१३ आलं की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते. त्यावर माझा उपाय साधा आहे, एकच वाक्य, सालं आणि कारण, आणि पुढे. "दुर्दैवाने", "नाइलाजाने" असे शब्द नकोत. अपराध केल्यासारखं काही लिहायचं नाही.

क्रम मी असा लावते. पहिल्यांदा आज काय करते आणि कोणासाठी. मग ते नीट करते याची एक खूण, शक्यतो आकड्यासकट. मग इथवर कशी आले ते, जुन्याकडून नव्याकडे, थोडक्यात. शेवटी काय काम हवं आहे. आज हे पहिल्यांदा येण्याला आणखी एक कारण आहे. लिंक्डइनवर About मध्ये २६०० अक्षरं बसतात, पण मोबाइलवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचं वाचायला see more वर बोट टेकवावं लागतं. त्या दोन-तीन ओळींत "मी अमुक साली पदवी घेतली" असं असेल तर पुढे बोट कोण टेकवणार? आणि मराठीत लिहिताना एक लक्षात ठेवा. मोजणी करताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे धरले जातात. "हिशोब" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, यंत्र मोजतं पाच. तेव्हा २६०० ही जागा वाटते तेवढी मोठी नाही. पण ती भरायचीच असंही नाही.

मी लिहायच्या आधी भाच्याने एक मसुदा करून ठेवला होता. "मी एक मेहनती, प्रामाणिक व ध्येयनिष्ठ व्यावसायिक असून लेखा क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभवाच्या जोरावर ग्राहकांना उत्कृष्ट सेवा देण्यास कटिबद्ध आहे." मुलगा गुणी आहे, त्याला मी काही बोलले नाही. वहिनींना एवढंच म्हटलं की यावरचं तुमचं नाव झाका आणि शेजारच्या वकिणीचं नाव घाला. फक्त "लेखा" काढून "विधी" घातलं की चाललं की नाही? जे वाक्य दुसऱ्या कोणालाही चालतं ते आपल्याबद्दल काहीच सांगत नाही. मीही पूर्वी असंच लिहायचे, कबूल करते. एका परिचारिकेच्या बायोडेटात मी हौसेने "रुग्णसेवा समन्वयाचा व्यापक अनुभव" असं लिहिलं. मुलाखतीत तिला विचारलं, समन्वय म्हणजे काय केलंत? तिला तो शब्दच माहीत नव्हता. ती परत येऊन मला म्हणाली, "ताई, मी रात्रपाळीला एकटीने बत्तीस खाटा बघितल्या, ते का नाही लिहिलंत?" तेव्हापासून मी ज्या बाईचं लिहिते तिच्या तोंडात बसणार नाही असा शब्द वापरत नाही.

तर वहिनींचा परिचय असा झाला. वाचते.

"किराणा, हार्डवेअर, औषधं अशा छोट्या दुकानांचे हिशोब मी ठेवते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं वेळेत तयार करते. दर महिन्याला खरेदीचं एकेक बिल GSTR-2B शी ताडून बघते, म्हणजे दुकानदाराची वजावट बुडत नाही.

सध्या १४ दुकानांचं काम माझ्याकडे आहे, घरून, टॅलीवर. एका हार्डवेअर दुकानाची ८ बिलं घाऊक व्यापाऱ्याकडून चुकीच्या जीएसटी क्रमांकावर चढली होती. ती शोधून दुरुस्त करून घेतली. दुकानाला ६१,४०० रुपयांची वजावट पुढच्या महिन्यात मिळाली.

हिशोबाचं काम मी १७ वर्षं करते आहे. २००१ साली बी.कॉम. झाल्यावर एका पतसंस्थेत ५ वर्षं रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज हाताने लिहिली. नोंद चुकीच्या खात्यात गेली तर ती शोधायची सवय तिथे लागली. २००६ ते २०१३ घरच्या जबाबदारीमुळे नोकरी केली नाही. २०१३ ते २०२० एका कर सल्लागारांच्या कार्यालयात होते. २०१७ साली जीएसटी सुरू झाला तेव्हा तिथल्या ४० दुकानांची व्हॅटची खाती जीएसटीवर आणण्याचं काम केलं. २०२० पासून स्वतंत्रपणे काम करते.

लेखापरीक्षण आणि त्यावरची सही हे सीएंचं काम, ते मी करत नाही. त्यांना लागतात तशी कागदपत्रं आणि हिशोब तयार करून देते.

महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांचे हिशोब घ्यायची तयारी आहे. वही अर्धवट असली तरी चालेल. इथे संदेश पाठवा."

एवढंच. साधारण बाराशे अक्षरं, म्हणजे मिळालेल्या जागेच्या निम्म्याहून कमी.

लिहून झालं की मी ते त्या बाईला दाखवत नाही, वाचून दाखवते. कागदावर दिसलं की सगळं छापल्यासारखं वाटतं आणि माणूस मान डोलावतो. ऐकताना मात्र खोटं लगेच टोचतं. वहिनींनी तीन ठिकाणी थांबवलं.

पहिल्या ओळीत मी आधी "जीएसटी सल्लागार" असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "नको ताई. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून वेगळी नोंदणी असते, परीक्षा असते, ती मी दिलेली नाही. मी पत्रक तयार करते, दुकानदार बघतो, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, मग ते जातं." म्हणून "तयार करते" हा शब्द आला. सीएंबद्दलची ओळही त्यांनीच घालायला लावली. मला आधी वाटलं की मी काय करत नाही हे परिचयात कशाला. पण त्यांचं बरोबर होतं. हिशोबाच्या धंद्यात जी बाई आपली हद्द सांगते तिच्याकडेच वह्या सोपवाव्याशा वाटतात.

दुसरं, मी "४० दुकानांचं जीएसटी मी केलं" असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "मी एकटीने नाही, आम्ही तिघी होतो." म्हणून "तिथल्या ४० दुकानांची" आणि "काम केलं" अशी रचना केली. तरी ती जरा मोठीच वाटते असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. अखेर "तिघींनी मिळून" असे दोन शब्द घातले. आता जे टाकलं आहे त्यात ते आहेत. मघाशी वाचलेला माझ्या वहीतला आधीचा मसुदा होता.

तिसरं, ६१,४०० चा आकडा. तो वहिनींना तोंडपाठ होता, तरी मी म्हटलं, जुनं पत्रक उघडून बघा. त्यांनी बघितला, तोच निघाला. पण दुकानदाराला विचारलंत का? विचारलं नव्हतं. नाव नसलं तरी छोट्या गावात हार्डवेअरची दुकानं किती, लोक बरोबर ओळखतात. त्यांनी जाऊन विचारलं. तो म्हणाला, "लिहा की, त्या मुनिमाला पण वाचायला द्या."

मराठीत ठेवायचं की इंग्रजीत, हा प्रश्न दर वेळी येतो. माझं उत्तर, काम देणारा कोणत्या भाषेत बोलतो ते बघा. वहिनींचे दुकानदार मराठी बोलणारे, बचत गटाच्या बायकाही मराठीच. म्हणून मराठी वर, आणि खाली इंग्रजीत फक्त चार ओळी, टॅली, जीएसटी हे शब्द शोधून कोणी आलं तर सापडाव्यात म्हणून.

आणि तुमच्यापैकी कोणी स्वतःचंच लिहायला बसणार असाल तर नोट मैत्रिणीला पाठवल्यासारखी बोला, पण दोन दिवसांनी ऐका. त्याच दिवशी ऐकली तर प्रत्येक वाक्याला आपण मनातल्या मनात जोड देतो आणि राहून गेलेलं दिसत नाही. दोन दिवसांनी स्वतःचा आवाज जरा परका वाटतो. "तसं विशेष काही नाही" हे कितीदा म्हणालात ते मोजा. त्याच्या पुढच्या-मागच्या वाक्यात बहुतेक वेळा काहीतरी असतं. मग वहीवर रेघ मारा आणि मिनिटं टाका. वहिनींनी गेल्या आठवड्यात त्यांच्या जावेसाठी हेच केलं. जाऊ शिवणकाम करते, तिची नोट चौदा मिनिटांची झाली, आणि बाराव्या मिनिटाला कळलं की गावातल्या शाळेचे गणवेश ती सहा वर्षं शिवते आहे.

वहिनींच्या परिचयात मात्र एक बदल करायचा राहिला आहे. परवा त्या दुकानात आल्या होत्या, चौदाची आता सोळा झाली आहेत, त्यातला एक बचत गट आहे. आकडा बदलायचा आणि पहिल्या ओळीतल्या दुकानांच्या शेजारी गटाला जागा करायची, हे काम उद्या सकाळी.